घरात अचानक अडचण, रजेचे नियम गप्प: मालक रजा नाकारू शकतो का?

कंपनीच्या रजेच्या नियमांत बहुतेक गोष्टी लिहिलेल्या असतात. किती दिवस आधी अर्ज करायचा, कोणाची सही लागते, शिल्लक रजेचे पुढच्या वर्षी काय होते, हे सगळे असते. घरचे माणूस अचानक दवाखान्यात दाखल करावे लागले तर काय, याबद्दल मात्र एक ओळही नसते. मग साहेब म्हणतात, "पॉलिसीत असं काही नाही, रजा देता येणार नाही." ऐकणाऱ्यालाही वाटते की लिहिलेले नाही म्हणजे मिळणार नाही.

खाजगी नोकरीत 'कौटुंबिक आणीबाणीची रजा' नावाचा वेगळा हक्क आपल्याकडे कोणत्याही कायद्यात नाही, हे आधी मान्य करावे लागते. पण नियम गप्प आहेत म्हणजे नकार द्यायला मालक मोकळा आहे, असेही नाही. कंपनीचे नियम कायद्याच्या वर भर घालू शकतात, कायद्याखाली जाऊ शकत नाहीत. जिथे ते गप्प असतात, तिथे कायद्याने आधीच दिलेली रजा तशीच उभी असते. त्यामुळे कारणाला पॉलिसीत नाव आहे का, हे विचारण्यात वेळ घालवू नका. तुम्ही कोणती रजा मागताय, तुमच्या खात्यावर ती किती शिल्लक आहे आणि ती मिळाली नाही तर तुमचे किती पैसे जातात, हे पाहा.

रजा कोणती, त्यावर उत्तर ठरते

महाराष्ट्रातील दुकाने, कार्यालये, हॉटेले, आयटी कंपन्या, खाजगी दवाखाने अशा आस्थापनांना 2017 चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम लागू होतो. त्याच्या 18 व्या कलमात रजेचे सगळे आहे. वर्षाला आठ दिवसांची पगारी नैमित्तिक रजा, म्हणजे आपण जिला सीएल म्हणतो ती. ती तिमाहीप्रमाणे खात्यावर जमा होते आणि वर्षअखेरीस उरली तर बुडते. शिवाय आदल्या वर्षी 240 दिवस काम झाले असेल, तर दर वीस दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा, म्हणजे पीएल. ही 45 दिवसांपर्यंत साठवता येते.

या दोन रजांत घरच्या अडचणीच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे. अर्जित रजेबाबत कायदा म्हणतो की कामगाराने पंधरा दिवस आधी अर्ज केला आणि मालकाने ती नाकारली, तर 45 दिवसांच्या वर गेलेल्या रजेचे पैसे घेण्याचा हक्क त्याला मिळतो. म्हणजे अर्जित रजा नाकारली जाऊ शकते, हे कायद्याने गृहीतच धरले आहे. आईला रात्री दवाखान्यात नेल्यावर सकाळी मागितलेली पीएल तर त्या पंधरा दिवसांतही बसत नाही. ती द्यायची की नाही, हे मालकाच्या हातात राहते. चांगला मालक देतो, पण न देणारा कायदा मोडत नाही.

नैमित्तिक रजेला मात्र आगाऊ अर्जाची अशी अट कायद्याने घातलेली नाही. घालणार तरी कशी? ही रजाच आधी न दिसणाऱ्या प्रसंगांसाठी आहे. केंद्र सरकारच्या 1946 च्या नियमांसोबत जे नमुना स्थायी आदेश होते, त्यांत हे स्पष्ट लिहिले होते: नैमित्तिक रजा आधी सांगता न येणाऱ्या विशेष परिस्थितीसाठी आहे, साधारणपणे विभागप्रमुखाची पूर्वपरवानगी घ्यावी, पण ते शक्य नसेल तर गैरहजेरीची आणि ती किती दिवस चालेल याची लेखी कल्पना शक्य तितक्या लवकर द्यावी. हे आदेश मोठ्या औद्योगिक आस्थापनांसाठी होते, सगळ्यांना लागू नव्हते. पण सीएल म्हणजे काय, याची देशभर रूढ असलेली समजूत तीच आहे. म्हणून 'रजेसाठी आठ दिवस आधी अर्ज' एवढेच लिहिलेली पॉलिसी सीएललाही तशीच लावायची, हा अर्थ मला टिकणारा वाटत नाही. त्या अर्थाने सीएल कधीच वापरता येणार नाही आणि कायद्याने दिलेला हक्क कागदावरच राहील.

याचा अर्थ सीएल हवी त्या तारखेला हुकमी मिळते, असा घेऊ नका. भाच्याच्या मुंजीसाठी मागितलेली सीएल मार्चअखेरच्या हिशेबात आली, तर मालकाने "पुढच्या आठवड्यात घ्या" म्हणणे रास्त आहे. आयसीयूत असलेले वडील पुढच्या आठवड्यावर ढकलता येत नाहीत. तारीख बदलणे शक्य आहे की नाही, यावर नकार रास्त की मनमानी हे ठरते. पॉलिसीत 'आणीबाणी' हा शब्द आहे की नाही, यावर नाही.

खात्यावर ना सीएल, ना पीएल अशी वेळ आली, तर उरते बिनपगारी रजा. ती मागता येते, पण तिचा हक्क नाही. ईएसआयचा आजारपणाचा लाभ इथे कामाला येत नाही, कारण तो विमाधारकाच्या स्वतःच्या आजारासाठी आहे, घरच्यांच्या नाही. अनेकांची इथे गल्लत होते आणि वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी स्वतःच्या नावाचा खोटा दाखला आणला जातो. तो मार्ग घेऊ नका. खरे कारण सांगून झालेली गैरहजेरी सावरता येते, खोटा दाखला पकडला गेला तर तेवढ्या एका कारणावर नोकरी जाऊ शकते.

हा कायदा सगळ्यांना लागू होत नाही, हेही आधी पाहून घ्या. मूळ कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता आणि 2025 मध्ये ही संख्या वीसवर नेण्यात आली. त्याहून लहान दुकानात काम करणाऱ्याला रजेचा आधार मुख्यतः नेमणूकपत्रात जे लिहिले असेल त्याचाच, म्हणून तिथे नोकरी धरतानाच चार ओळी लिहून घेणे मोलाचे ठरते. व्यवस्थापक, पर्यवेक्षक किंवा गोपनीय कामाच्या पदावरच्या माणसांनाही हा कायदा वगळतो. केवळ पदनामात 'मॅनेजर' आहे म्हणून कोणी वगळला जात नाही, प्रत्यक्ष काम काय आहे ते पाहिले जाते. कारखान्यांचे नियम वेगळ्या कायद्यात आहेत.

एका आठवड्याचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. नाशिकच्या एका व्यापारी कंपनीत बिलिंगचे काम करणारी कर्मचारी. चाळीसएक माणसांची कंपनी, पगार महिना 27,000 रुपये, त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 13,500. रविवारी सुट्टी. त्या महिन्यात कामाचे दिवस 26. सोमवारी रात्री जळगावहून फोन येतो: आई मोरीत घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले, बुधवारी शस्त्रक्रिया. घरी दुसरे कोणी नाही. मंगळवारी पहाटे निघून ही बाई पुढच्या बुधवारी कामावर परतते. मधला रविवार वगळता सात कामाचे दिवस गेले. तिच्या खात्यावर सीएल तीन आणि पीएल आठ आहेत.

मालक समजूतदार असेल, तर तीन सीएल आणि चार पीएल लावून विषय संपतो. पगार पूर्ण मिळतो. खर्च झाला तो चार पीएलचा. त्या पुढे दिवाळीला वापरता आल्या असत्या किंवा नोकरी सोडताना त्यांचे पैसे मिळाले असते.

मालकाने आयत्या वेळची पीएल नाकारली, तर तीन सीएल आणि चार बिनपगारी असा हिशेब होतो. इथे पगारपत्रक नीट वाचायला हवे. वेतन प्रदान कायद्यापासून चालत आलेला आणि आता वेतन संहितेत असलेला नियम असा की गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणाबाहेर जाता कामा नये. प्रमाण काढायचे ते त्या महिन्यात जितके दिवस काम करणे बंधनकारक होते त्यावर. म्हणजे 26 पैकी चार दिवस. 27,000 ला 26 ने भागून चारने गुणले की 4,154 रुपये येतात. कपातीची कमाल मर्यादा ही. काही कंपन्या महिना 30 दिवसांचा धरतात, तेव्हा चार दिवसांचे 3,600 रुपयेच कापले जातात आणि तुमचा फायदा होतो.

पण त्याच कंपन्यांत बऱ्याचदा 'सँडविच'चा नियम असतो: रजेच्या मधला रविवारही रजेतच धरायचा. मग पाच दिवसांचे, दिवसाला 900 प्रमाणे 4,500 रुपये कापले जातात. ही रक्कम वरच्या 4,154 च्या मर्यादेपेक्षा 346 रुपयांनी जास्त आहे. रक्कम छोटी आहे, पण ती मागण्याचा हक्क आहे आणि एचआरला एक ईमेल पाठवायला काही लागत नाही. "दोन दिवसांच्या खाड्याला चार दिवसांचा पगार" असा जो शिक्षेचा प्रकार काही ठिकाणी चालतो, तो तर या नियमात सरळच बसत नाही.

उरलेला तोटा पगारपत्रकात लगेच दिसत नाही. पूर्ण हजेरीचा भत्ता असेल तर तो जातो. चार दिवस बिनपगारी गेल्याने पीएफमधला मालकाचा वाटा सुमारे 250 रुपयांनी कमी पडतो. एकूण पाहिले तर मालकाने पीएल नाकारल्यामुळे या बाईचे चारसाडेचार हजार गेले. सीएलही नाकारून सातही दिवस बिनपगारी केले, तर 7,269 रुपये. आईच्या शस्त्रक्रियेच्या महिन्यात ही रक्कम बोचणारी आहे, यात शंका नाही. तरीही एवढ्यासाठी वकील लावण्यात अर्थ नाही, कारण वकिलाच्या पहिल्या भेटीतच त्यातला मोठा भाग जाईल. सीएल नाकारल्याची लेखी तक्रार करावी, ती पुढे उपयोगी पडते. पण खरी जोखीम वेगळीच आहे.

मस्टरवर काय लिहिले जाते

सात दिवसांच्या रकान्यात मस्टरवर 'बिनपगारी रजा' लिहिले की 'गैरहजर', यावर पुढचे सगळे अवलंबून असते. पगार दोन्हीत सारखाच कापला जातो. पण बिनपगारी रजा ही मंजूर रजा आहे आणि विनापरवानगी गैरहजेरी हे गैरवर्तन ठरवता येते. अनेक कंपन्यांच्या सेवानियमांत सलग आठ किंवा दहा दिवस विनापरवानगी गैरहजर राहिल्यास 'नोकरी सोडली असे समजण्यात येईल' असे कलम असते. आयटी आणि सेवाक्षेत्रात याला सरसकट 'अॅब्स्काँडिंग' म्हणतात. तसे पत्र निघाले की अनुभवाचा दाखला अडतो, शेवटचा हिशेब अडतो आणि पुढच्या नोकरीच्या चौकशीत हाच शब्द समोर येतो. चार हजारांच्या कपातीपुढे हे नुकसान कितीतरी मोठे आहे.

या बाबतीत न्यायालयांनी कामगाराला ठोस आधार दिला आहे. डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज या 1993 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्थायी आदेशांत आठ दिवसांच्या गैरहजेरीने नोकरी आपोआप संपते असे लिहिलेले असले, तरी त्या माणसाचे म्हणणे ऐकल्याशिवाय आणि चौकशी केल्याशिवाय त्याला काढता येत नाही. 2012 च्या कृष्णकांत परमार खटल्यात, सरकारी कर्मचाऱ्याच्या बाबतीत, न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. गैरहजेरी जाणूनबुजून होती हे सिद्ध व्हायला हवे. आजारपण, अपघात, दवाखाना अशा माणसाच्या हाताबाहेरच्या कारणाने तो येऊ शकला नाही, तर तिला जाणूनबुजून केलेली गैरहजेरी म्हणता येत नाही.

मात्र हा आधार त्यालाच मिळतो, ज्याने कळवले होते. मालकाने दोनदा पत्र पाठवून कामावर बोलावले, कामगाराने उत्तरच दिले नाही आणि महिन्याने उगवून आईचे कारण सांगितले, तर ते निकाल दाखवून फारसे काही साधत नाही. कळवले होते हे कागदावर दिसले पाहिजे.

नेमकी चूक होते ती इथेच. पहिली म्हणजे फोनवरची परवानगी. "सर म्हणाले, जा," एवढ्यावर माणूस निघतो. सरांची बदली होते किंवा वरून विचारणा झाल्यावर त्यांना आठवत नाही. दुसरी म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या मित्राला सांगणे. मित्राला सांगणे म्हणजे कंपनीला कळवणे नव्हे. तिसरी म्हणजे निघताना किती दिवस लागतील ते न सांगणे. डॉक्टर काय म्हणतील ते माहीत नसते, म्हणून माणूस आकडा द्यायला कचरतो. अंदाज द्या, नंतर वाढवा; पण तारीख न घातलेली रजा कंपनीच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही आणि शेवटी 'गैरहजर'मध्ये जाऊन पडते.

गाडीत बसल्याबसल्या पाठवता येईल असा मजकूर पुढे दिला आहे. साहेबांना आणि एचआरला ईमेल करा आणि तोच व्हॉट्सॲपवरही टाका:

"माझ्या आईला काल रात्री पडून खुब्याचे हाड मोडल्यामुळे जळगाव येथे रुग्णालयात दाखल केले आहे. बुधवारी शस्त्रक्रिया आहे. तिची देखभाल करायला घरात दुसरे कोणी नाही, त्यामुळे मला तातडीने जावे लागत आहे. आज मंगळवारपासून पुढील मंगळवारपर्यंत रजा मंजूर करावी, ही विनंती. माझ्या खात्यावरील तीन दिवसांची नैमित्तिक रजा प्रथम धरावी. उरलेल्या चार दिवसांसाठी अर्जित रजा द्यावी; ते शक्य नसल्यास बिनपगारी रजा मंजूर करावी. रुग्णालयाचे कागद दोन दिवसांत पाठवते. या क्रमांकावर मी संध्याकाळी उपलब्ध असेन. रजा नाकारायची असल्यास कारण लेखी कळवावे."

या मजकुरातली दोन वाक्ये वाचताना साधी दिसतात, पण सगळे वजन त्यांच्यावर आहे. 'ते शक्य नसल्यास बिनपगारी रजा' यामुळे मालकाला पीएल नाकारूनही रजा मंजूर करण्याची वाट मिळते आणि बहुतेक मालक ती घेतात. 'कारण लेखी कळवावे' यामुळे तोंडी नकाराला किंमत राहत नाही. लेखी नकार द्यायला बसलेला माणूस 'आई आयसीयूत असली तरी रजा नाही' असे लिहायला सहसा तयार होत नाही. संध्याकाळी फोनवर मिळेन, हेही मुद्दाम लिहावे. जमत असेल तर दवाखान्यातून तासभर काम करण्याची तयारी दाखवावी. सक्ती नाही, पण कामच सोडून गेली, असे त्यानंतर कोणाला म्हणता येत नाही.

रुग्णालयातून दाखल केल्याची चिठ्ठी, शस्त्रक्रियेचा कागद आणि घरी सोडतानाचे डिस्चार्ज कार्ड घ्या. याला वेगळा खर्च नाही, ते रुग्णाच्या फाइलीत असतेच. फोटो काढून ईमेलला जोडा. आईचे सगळे वैद्यकीय अहवाल कंपनीला देण्याची गरज नाही, दाखल आणि सुटीच्या तारखा दिसल्या की पुरे. मुक्काम वाढत असेल, तर मंजूर मुदत संपायच्या आदल्या दिवशी नवा ईमेल गेला पाहिजे. परतल्यावर त्या महिन्याच्या हजेरीची प्रत मागा आणि सात दिवसांपुढे काय लिहिले आहे ते डोळ्यांनी पाहा. 'गैरहजर' लिहिले असेल तर तिथल्या तिथे, पगार निघण्याआधी, दुरुस्ती मागा. पगार निघाल्यावर ते बदलायला कोणी उत्साही नसतो.

आणि एक पथ्य सगळ्यात कडक पाळा. परतल्यावर "राजीनामा लिहून द्या, नंतर पाहू" असे कोणी म्हटले, तर सही करू नका. काढून टाकणे मालकाला चौकशीशिवाय जमत नाही, म्हणूनच राजीनामा मागितला जातो. एकदा सही झाली की वर सांगितलेल्या दोन्ही निकालांचा उपयोग जवळजवळ संपतो.

प्रकरण पुढे गेले तर

'अॅब्स्काँडिंग'चे पत्र आलेच, तर दोनतीन दिवसांत लेखी उत्तर द्या: आपण केव्हा कळवले, कोणते कागद दिले आणि कामावर हजर व्हायला तयार आहोत. बहुतेक प्रकरणे इथेच मिटतात. गेटवर अडवले, तर त्याच दिवशी ईमेल करून अडवल्याची वेळ लिहा.

त्यापुढची जागा म्हणजे जिल्ह्याचे सहायक कामगार आयुक्त कार्यालय. रजा नाकारल्याची किंवा पगार जास्त कापल्याची तक्रार साध्या कागदावर, ईमेल आणि पगारपत्रके जोडून करता येते. नोकरीवरून काढले असेल, तर तिथे समेट अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतात. या टप्प्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. खर्च होतो तो चारदोन खेपांच्या प्रवासाचा आणि त्या दिवसांच्या रजेचा. समेट झाला नाही तर प्रकरण औद्योगिक न्यायाधिकरणापुढे जाते आणि तिथे वर्षे लागू शकतात. वकिलाचा खर्च खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो. म्हणून चार दिवसांच्या पगारासाठी न्यायाधिकरण गाठू नका, पण नोकरी गेली असेल तर मागे हटू नका. त्यासाठी मुदत असते. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात ती तीन वर्षे होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती दोन वर्षे आहे.

वकिलाच्या खर्चामुळे थांबू नका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिलांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतर अनेकांना उत्पन्नाच्या मर्यादेत. त्यासाठी अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. त्याचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते.